दावीद म्हणजे चौदा

[दृश्य: मराठी बायबलचं पान, मत्तयकृत शुभवर्तमान, पहिला अध्याय. नावांवरून सरकणारं बोट.]

नवा करार उघडला की पहिल्याच पानावर नावांची लांबलचक रांग लागते. अब्राहाम, इसहाक, याकोब… बहुतेक जण ही वंशावळ ओलांडून थेट येशूच्या जन्मावर येतात. पण सतराव्या ओवीत मत्तय थांबतो आणि हिशेब सांगतो: अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, आणि तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा.

मोजून पाहा. पहिल्या गटात अब्राहाम धरून दावीद चौदावा येतो. दुसऱ्या गटात शलमोनापासून यखन्यापर्यंत चौदा नावं भरतात, पण ती भरावीत म्हणून मत्तयाने नावं गाळली आहेत. योराम आणि उज्जीया यांच्या मध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या असे तीन राजे होऊन गेले. जुन्या करारातल्या इतिहासाच्या पुस्तकात ते आहेत, इथे नाहीत. तिसऱ्या गटात तर शलतीएलपासून येशूपर्यंत तेराच नावं आहेत. यखन्याला दोनदा धरलं तरच चौदा होतात.

म्हणजे हा आकडा मोजणीतून निघालेला नाही. आकडा आधी ठरला आणि यादी त्यात बसवली. मग चौदाच का? आणि असे आकडे भेटले की अनुवादकाने टीप द्यावी का?

[दृश्य: कागदावर उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी तीन हिब्रू अक्षरं. खाली आकडे: ४, ६, ४.]

हिब्रूत मुळाक्षरांनाच अंकांचं काम दिलं गेलं. अलेफ १, बेथ २, असं करत योद १०. पुढे दहादहाने वाढत कोफ १००, मग शंभराशंभराने शेवटचं ताव ४००. यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं, त्या इसवी सन ६६ ते ७० मधल्या चांदीच्या नाण्यांवर बंडाचं साल असंच अक्षराने छापलेलं आहे. दुसऱ्या वर्षीच्या नाण्यावर ‘वर्ष’ या शब्दाचं पहिलं अक्षर, शेजारी बेथ. झालं साल.

हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे ‘दावीद’ हे नाव तीन अक्षरांत मावतं: दालेथ, वाव, दालेथ. चार, सहा, चार. बेरीज चौदा. शिवाय दावीद यादीतही चौदावा. राजाच्या वंशावळीवर राजाच्या नावाचाच आकडा उमटवलेला, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

गंमत अशी की मत्तयाचं पुस्तक आपल्यापर्यंत आलं आहे ते ग्रीकमध्ये. ग्रीक अक्षरांनाही मूल्यं आहेत, पण ग्रीक स्पेलिंगमध्ये दावीदाची बेरीज होते ४१९. ज्याला हिब्रू येत नव्हतं, त्या वाचकाला तेव्हाही चौदाची मेख कळली नसणार. मराठी वाचकाला तर ‘दावीद’ या नावात कुठलाच आकडा ऐकू येत नाही.

आणि इथेच अनुवादकाला हात आखडता घ्यावा लागतो. जुन्या करारातल्या शमुवेलाच्या पुस्तकांत हे नाव जवळजवळ नेहमी तीन अक्षरांचं आहे. पण इतिहासाच्या पुस्तकांत, म्हणजे उत्तरकाळच्या लेखनात, त्यात एक योद शिरतं. योदचे दहा. चौदाचे चोवीस होतात. मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळ्यांतही हे लांब स्पेलिंग भरपूर आहे, आणि त्या मत्तयाच्या काळाला जवळच्या. तरीही छोटं स्पेलिंग तेव्हा नाहीसं झालं नव्हतं, म्हणून चौदाची शक्यता मोडीत निघत नाही. ती शक्यताच राहते, इतकंच.

मग टीप द्यावी का? द्यावी. इथे लेखक स्वतः तीनदा ‘चौदा’ म्हणतो, त्यासाठी राजे गाळतो, आणि कारण मात्र सांगत नाही. वाचक अडखळणार हे नक्की. टीप अशी चालेल: ‘हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते. दावीद या नावाची बेरीज चौदा होते. लेखकाने हा आकडा त्यामुळे निवडला असावा.’ यातला ‘असावा’ काढून ‘आहे’ लिहिलं की टीप खोटी ठरते. आणि गाळलेले तीन राजे परत घालून यादी ‘दुरुस्त’ करण्याचा मोह झाला, तर अनुवादकाने लेखणी खाली ठेवावी.

[दृश्य: फाटक्या पपायरसचा तुकडा. त्यावरच्या तीन ग्रीक अक्षरांवर कॅमेरा स्थिरावतो.]

नव्या करारातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या तेराव्या अध्यायाचं तसं नाही. तिथे संहिताच वाचकाला कामाला लावते: ज्याला बुद्धी आहे त्याने श्वापदाची संख्या मोजावी, ती माणसाची संख्या आहे, सहाशे सहासष्ट. अशी कोडी त्या काळी लोकांच्या अंगवळणी होती. पॉम्पेईच्या एका भिंतीवर कुणी प्रेमवीर लिहून गेलाय: जिचा आकडा ५४५, तिच्यावर माझं प्रेम आहे. (ती कोण, हे तिला कळलं असेल अशी आशा.)

रोमी बादशहा नेरोचं ‘नेरोन कैसर’ हे ग्रीक नाव हिब्रू अक्षरांत लिहू. नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०: झाले ३०६. मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००: झाले ३६०. एकूण ६६६. इथेही शंका घेता येते, कारण ‘कैसर’मध्ये एरवी योद लिहितात आणि मग दहा वाढतात. पण यहूदियाच्या वाळवंटात, वादी मुरब्बातमध्ये, नेरोच्या काळातला एक अरामी दस्तऐवज सापडला. त्यात बादशहाचं नाव योदशिवायच लिहिलंय.

दुसरा पुरावा चुकीसारखा दिसतो. काही हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ आहे. दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपला हा पाठ ठाऊक होता आणि त्याने तो नाकारला. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखसच्या कचऱ्यातून निघालेल्या पपायरसवर मात्र ६१६ स्पष्ट दिसतो. आता लॅटिन माणूस ‘नेरोन’ म्हणत नाही, ‘नेरो’ म्हणतो. शेवटचं नून गेलं, पन्नास कमी झाले. ६६६ वजा ५०, ६१६. एकाच नावाने दोन्ही आकडे सुटतात, म्हणून नेरोचं पारडं जड आहे.

इथे टीप नसेल तर अनुवाद अपुरा म्हणावा लागेल. टिपेत पाठभेद हवा, अक्षरांतून आकडा काढण्याची रीत हवी आणि नेरोचं नाव ‘बहुतेक अभ्यासकांच्या मते’ म्हणून हवं. मूळ ओवीत मात्र नेरो घुसवायचा नाही. लेखकाने कोडं घातलंय, तर वाचकाच्या हाती कोडंच पडलं पाहिजे.

[दृश्य: उत्पत्तीच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय.]

तिसरं उदाहरण मोहाचं आहे. कैद झालेल्या पुतण्याला, लोटाला, सोडवायला अब्राम, म्हणजेच पुढचा अब्राहाम, ३१८ माणसं घेऊन निघतो. पुढच्याच अध्यायात त्याचा सेवक अलियेजर येतो, आणि त्या नावाची बेरीज होते १, ३०, १०, ७०, ७ आणि २०० मिळून नेमकी ३१८! रब्बींनी, म्हणजे जुन्या यहुदी धर्मगुरूंनी म्हटलं, तीनशे अठरा वगैरे कुणी नव्हतं, एकटा अलियेजरच होता.

जुळणी झकास आहे. पण प्राचीन इस्राएलच्या राजवटीतले जे लेख सापडले, शोमरोनच्या किंवा अरादच्या खापरांवरचे, त्यांत आकडे इजिप्शियन पद्धतीच्या चिन्हांनी लिहिलेत, अक्षरांनी नाही. अक्षरांनी आकडे लिहिण्याचा हिब्रूतला पुरावा कित्येक शतकांनंतरचा. आपल्याकडे अक्षरांना अंक देणाऱ्या कटपयादी पद्धतीने महाभारताचं जुनं नाव ‘जय’ म्हणजे अठरा आणि महाभारताची पर्वंही अठरा, असं सांगतात. ते ऐकायला छान वाटतं, पण व्यासांनी आधी बेरीज केली होती असं त्यावरून म्हणवत नाही.

म्हणून उत्पत्तीच्या त्या ओवीखाली टीप नको. अलियेजराची बेरीज रब्बींच्या वाचनपरंपरेची आहे आणि त्या परंपरेवरच्या भाष्यात ती त्यांच्या नावानेच यावी. अनुवादात ३१८ म्हणजे ३१८ माणसं.