साडेपाच तास मागे पडणारं घड्याळ, आणि सुटलेल्या प्रश्नाचा शेवट

नमस्कार मंडळी. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही आहेत. मध्यंतरी उबंटू बंद करून विंडोज सुरू केलं की घड्याळ चुकायला लागलं. सकाळचे दहा वाजलेले असायचे आणि विंडोज दाखवायचं साडेचार. मी एका ऑनलाइन फोरमवर प्रश्न टाकला, मथळा होता: ‘घड्याळ चुकतंय, मदत करा’.

दोघांनी सांगितलं, बोर्डावरचा सेल गेलाय, बदला. बदलला, काही फरक नाही. मग तिसऱ्या एकांनी एवढंच विचारलं, ‘दर वेळी नेमकं साडेपाच तासच मागे जातं का?’ आणि मी थबकले. हो, नेमकं साडेपाच! सेल संपत आला की वेळ कशीही भरकटते, कधी तारीखसुद्धा जुनी होते. फरक रोज तेवढाच असेल तर सेलचा दोष नाही, तो आपल्या टाइम झोनचा फरक आहे. बोर्डावरच्या घड्याळात उबंटू जागतिक वेळ लिहून ठेवतं. दहा वाजले असतील तर तिथे साडेचार. विंडोज ते साडेचार वाचतं आणि तीच भारतातली वेळ धरतं.

त्यांनी दिलेला उपाय एका ओळीचा होता. आधी उबंटूमधली वेळ बरोबर आहे हे बघायचं, मग टर्मिनलमध्ये:

```
timedatectl set-local-rtc 1
```

घड्याळ जागेवर आलं. आनंदाने मी लिहायला बसले, ‘झालं, थँक्यू!’ पाठवणारच होते, पण आपलंच पान पुन्हा वाचलं. त्यात सेलच्या सल्ल्याची दोन उत्तरं आहेत, उपायाचं एक आहे, आणि खाली ‘झालं’. काय केल्याने झालं? उद्या हीच अडचण घेऊन आलेला माणूस आधी सेलच बदलेल.

आणि खरंच झालं होतं का? इथे मी फसले असते. इंटरनेट चालू असलं की विंडोज थोड्या वेळाने वेळ आपोआप दुरुस्त करून घेतं. म्हणजे उपाय लागू पडला नसला तरी घड्याळ बरोबर दिसू शकतं. म्हणून मी वाय-फाय बंद केलं, उबंटू सुरू केलं, बंद केलं, विंडोज सुरू केलं. वेळ बरोबर. मग उलट, विंडोजमधून उबंटूत. तीही बरोबर. दोन दिवस असं केलं आणि मगच लिहिलं. मी लिहिलेलं जसंच्या तसं वाचते.

‘तिसऱ्या उत्तराने प्रश्न सुटला. नेमके साडेपाच तास का, हे आपण विचारलंत म्हणून कारण सापडलं. मनापासून आभार. लक्षण: उबंटूनंतर विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. उपाय: वरची आज्ञा. त्यानंतर `timedatectl` दिल्यावर `RTC in local TZ: yes` असं दिसलं. वाय-फाय बंद ठेवून दोन्हीकडून तपासलं. सेल बदलून उपयोग झाला नाही. विंडोजची रजिस्ट्री बदलण्याचा पर्यायही वर सुचवलाय, तो मी करून पाहिलेला नाही.’

याशिवाय उबंटूची आणि विंडोजची आवृत्ती लिहिली, कारण पुढच्या आवृत्तीत वागणूक बदलू शकते. एक मर्यादाही लिहिली. ही आज्ञा दिल्यावर `timedatectl` स्वतःच इशारा दाखवतं, की उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे करण्याच्या बदलात ही पद्धत गोंधळ करू शकते. भारतात घड्याळं अशी हलवत नाहीत, म्हणून मला चालतं. लंडनला बसलेल्या आपल्या एखाद्या मराठी मित्राने मात्र ही ओळ वाचूनच पुढे जावं.

आता मथळा. तो बदलून असा केला:

```
[SOLVED] उबंटू-विंडोज ड्युअल बूट: विंडोजमध्ये घड्याळ ५:३० तास मागे
```

शोधणारा माणूस ‘मदत करा’ असं शोधत नाही, तो ‘घड्याळ साडेपाच तास मागे’ असं शोधतो. मूळ प्रश्नाचा मजकूर मात्र पुसू नका. तो पुसला तर खालची उत्तरं कशाबद्दल आहेत तेच कळत नाही. काही ठिकाणी मथळ्यात काही लिहायचं नसतं, आस्क उबंटूवर उत्तराशेजारी बरोबरची खूण करायची असते. तिथे नुसत्या आभाराचं वेगळं उत्तर टाकू नका, ते काढून टाकतात. ज्यांच्या उत्तराने प्रश्न सुटला, खूण त्यांच्याच उत्तराला करा. आपण सारांश नीट लिहिला म्हणून स्वतःच्या लिखाणाला ती देऊ नका, मला ते फार खटकतं.

सेलवाल्या दोघांनाही मी दोन ओळी लिहिल्या, की सेल बदलला, त्याने सुटलं नाही, कारण हे निघालं. त्यातल्या एकांनी आपल्या उत्तराच्या वरच भर घातली: ‘फरक दर वेळी सारखाच असेल तर सेल बदलू नका, खाली तिसरं उत्तर वाचा.’