कधीच नाही न म्हणणारी तपासणी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय साइनअपच्या वेळच्या एका तपासणीबद्दल. तुम्ही नवीन पासवर्ड टाकता आणि साइट म्हणते, हा चालणार नाही, हा आधीच फुटलेल्या यादीत आहे. मग मनात येतं, अरे म्हणजे माझा पासवर्ड यांनी कुठेतरी पाठवला की काय? तर नाही. पासवर्ड नाही पाठवत, आणि त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डपासून गणिताने काढलेली ठराविक लांबीची सांकेतिक ओळ, तीही पूर्ण नाही पाठवत.

सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या हॅव आय बीन पॉन्ड या साइटकडे फुटलेल्या पासवर्डांची यादी आहे. 2018 साली त्यात 50 कोटींपेक्षा जास्त नोंदी होत्या, आणि त्याच वर्षी क्लाउडफ्लेअर कंपनीच्या जुनैद अली यांनी सुचवलेली ही पद्धत सुरू झाली. साइट तुमच्या पासवर्डचा एसएचए-1 हॅश काढते, तो 40 अक्षरांचा असतो. त्यातली फक्त पहिली 5 पाठवते. नीट ऐका, फक्त पहिली 5. तिकडून त्या 5 अक्षरांनी सुरू होणारे सगळे हॅश येतात, म्हणजे त्यांची उरलेली 35 अक्षरं आणि तो पासवर्ड किती वेळा सापडला तो आकडा. 5 अक्षरांचे मिळून 10,48,576 कप्पे होतात, आणि तेव्हा एका कप्प्यात सरासरी 478 नोंदी होत्या. त्यातली तुमची आहे की नाही हे साइट स्वतःकडेच बघते, समोरच्याला कळत नाही.

(जाता जाता, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवंच, असल्या अटींचा मला मनापासून राग आहे. लोक `P@ssw0rd` टाकून मोकळे होतात, अट पूर्ण आणि पासवर्ड यादीत. असो.)

आता किस्सा, हा मी सगळ्यांना सांगत असतो. माझ्या मित्राच्या टीमने ही तपासणी साइनअपला जोडली. सगळं मस्त चाललेलं, सर्व्हरकडून उत्तर वेळेवर येतंय, लॉगमध्ये एकही एरर नाही, सगळे खूश. मग सपोर्टला नवीन आलेल्या एका मुलीने, फॉर्म समजून घ्यायचा म्हणून, पासवर्डच्या जागी चक्क `password` असं टाइप केलं. आणि अकाउंट उघडलं!

ती गेली डेव्हलपरकडे, म्हणाली, "दादा, हा पासवर्ड पण चालतो का आपल्याकडे?" तो म्हणाला, शक्यच नाही. मग त्याने स्वतः टाकून बघितलं आणि गप्प बसला.

मग बसले दोघं हॅश काढून. `password` चा हॅश `5BAA6` ने सुरू होतो. सर्व्हरला गेलेली 5 अक्षरं बघितली, बरोबर. आलेलं उत्तर बघितलं, त्यात `1E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8` ही ओळ ढळढळीत समोर, पुढे भलामोठा आकडा. ओळ आहे, मग प्रोग्रामला का दिसत नाही? तेवढ्यात ती म्हणाली, "आपल्या बाजूला `1e4c9b` छोट्या लिपीत आहे आणि त्यांच्याकडे मोठ्या, एवढाच फरक दिसतोय मला." झालं! त्यांची लायब्ररी हॅश छोट्या अक्षरांत देत होती. पाठवलेली 5 अक्षरं छोटी असोत की मोठी, सर्व्हर दोन्ही चालवून घेतो, म्हणून तिकडून कधी तक्रार आली नाही, पण परत येणाऱ्या ओळी मोठ्या अक्षरांत असतात आणि इकडे तुलना अक्षरशः करत होते, त्यामुळे काहीच कधी जुळलं नाही. इतके दिवस तपासणी प्रत्येकाला "सापडला नाही" म्हणत होती, आणि "सापडला नाही" म्हणजे पास! एरर आली असती तर कुणी बघितलं तरी असतं.

दुरुस्ती एका ओळीची, दोन्हीकडे अक्षरं सारखी करून घेतली. आणि आता प्रत्येक रिलीजआधी त्यांची टेस्ट `password` टाकून बघते, तो नाकारला गेला नाही तर रिलीज थांबतं. पुन्हा सांगतो, यादीत नक्की असलेला पासवर्ड टाकून बघायचा, सर्व्हर उत्तर देतोय एवढ्यावर विसंबायचं नाही. कमांडने हॅश काढून पडताळत असाल तर `echo` शेवटी नवीन ओळ जोडतं, हॅश भलताच येतो, म्हणून `printf` वापरा:

```
printf '%s' 'password' | sha1sum
```

(दर 90 दिवसांनी पासवर्ड बदला म्हणणाऱ्यांबद्दल मी आज बोलणार नाही, चिडचिड होते.)

ही तपासणी साठवणीसाठी नाही बरं का, पासवर्ड साठवायला आर्गॉन2 किंवा बीक्रिप्ट हे मुद्दाम संथ केलेले हॅशच. आणि 5 अक्षरांबरोबर युजरनेम, ईमेल काही पाठवायचं नाही, नाहीतर कप्प्यातला सगळ्यात जास्त वापरलेला पासवर्ड कुणाचा असेल याचा अंदाज बांधता येतो. उत्तराच्या आकारावरून कप्पा ओळखू नये म्हणून `Add-Padding: true` हा हेडर लावता येतो, मग उत्तरात खोट्या ओळी मिसळून येतात, त्यांचा आकडा 0 असतो, तेवढ्या सोडून द्यायच्या.

आणि सर्व्हरने उत्तरच दिलं नाही तर? माझं मत, साइनअप अडवू नका, अकाउंटवर खूण करून ठेवा आणि पुढच्या लॉगिनला तपासा, कारण तेव्हा पासवर्ड परत तुमच्या हातात येतोच.