चहाचा ठसका

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत एका वाचा व गिळणे उपचारतज्ज्ञांनी दिलेलं व्याख्यान, संपादित)

मघाशी चहा आला तेव्हा मी तुमच्या सगळ्यांच्या गळ्यांकडे बघत बसले होते. माफ करा, धंद्याची सवय. तिसऱ्या रांगेत एका आजोबांना ठसका लागला आणि शेजारच्यांनी लगेच सांगितलं, "वर बघा, वर बघा." आपल्याकडे हे घरोघरी सांगतात. पण मान वर केली की श्वासनलिकेचं तोंड आणखी उघडं पडतं आणि घशात अडकलेलं खाली सरकायला वाट मिळते. ठसका लागलेल्या माणसाला थोडं पुढे वाकू द्यावं आणि खोकू द्यावं. खोकला हा त्याचा रखवालदार आहे.

घशात अन्ननलिका मागे असते आणि श्वासनलिका पुढे. गिळताना क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर झाकण पडतं आणि घास मागच्या वाटेने जातो. सगळं साधारण एका सेकंदाचं काम. वय वाढलं, पक्षाघात झाला, पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश असला की हे झाकण पडायला उशीर होतो. घट्ट घास सावकाश सरकतो, झाकणाला थोडा वेळ देतो. पाणी मात्र झाकण पडायच्या आतच घशात पोचलेलं असतं. म्हणून ज्यांची गिळण्याची क्रिया मंदावली आहे अशा बऱ्याच जणांना भाकरीच्या आधी पाणी आणि चहाच जड जातो. घरचे नेमकं उलटं करतात. खाताना खोकला येतोय ना, मग सगळं पातळ करून द्या.

माझ्याकडे आलेल्या एका नानांची गोष्ट सांगते. वय 76, सहा वर्षांचा पार्किन्सन्स. आठ महिन्यांत वजन 58 किलोवरून 52 वर आलं होतं आणि दोनदा न्यूमोनिया झाला होता. सूनबाई मनापासून करणारी. वरण पाण्यासारखं, भात सैल, रात्री दुधात कुस्करलेली पोळी. मी म्हटलं, मला फक्त जेवताना बघू द्या. दूध-पोळीचा पहिला चमचा तोंडात गेला, दूध आधी मागे ओघळलं आणि पोळीचा लगदा तोंडातच राहिला. नाना खोकलेही नाहीत. पण नंतर "बरी आहे पोळी" म्हणाले तो आवाज घोगरा, पाण्याखालून आल्यासारखा होता. हा ओला आवाज नीट ऐकायला शिका. काहींचा खोकलाच मंद झालेला असतो, पाणी गुपचूप फुप्फुसाकडे जातं आणि पुढे येतो तो ताप. याशिवाय जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणं, गालात घास साठणं आणि हळूहळू उतरणारं वजन याही खुणाच.

दूध-पोळी, आमटी-भात, ताकातले पोहे यांत द्रव आणि घन एकत्र असतात, आणि तोंडाला एकाच वेळी दोन वेगवेगळी कामं करावी लागतात. कमजोर घशाला हे सगळ्यात कठीण. नानांची एक्स-रेखाली गिळण्याची तपासणी झाली, त्यात दिसलं की पातळ द्रव आत जातोय, किंचित दाट केलेला जात नाही. हे तपासून ठरवायचं असतं. कुणाच्याही मनाने सरसकट पाणी घट्ट करू नका. घट्ट पाणी बेचव लागतं, माणूस कमी पितो आणि मग लघवी, बद्धकोष्ठता, गुंगी असे त्रास मागे लागतात. शिवाय काहींच्या घशात घट्ट पदार्थच चिकटून राहतो.

दाटपणा "थोडासा" म्हणून सांगता येत नाही, कारण प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. त्यासाठी जगभर एक मोजमाप आहे, 0 ते 7 पातळ्यांचं. द्रवासाठी लागते फक्त 10 मिलीची सिरिंज (त्यावरची 0 ते 10 ची पट्टी 61.5 मिमी लांब असावी, विकत घेताना मोजून बघा). सुई नको, दट्ट्या काढा, टोकाला बोट लावा, 10 मिलीपर्यंत भरा. बोट काढून बरोबर दहा सेकंदांनी परत लावा. सगळं वाहून गेलं तर ते साधं पाणी. 4 ते 8 मिली उरलं तर पातळी 2, नानांना हवी असलेली. चहा ज्या गरमपणात पिणार त्याच गरमपणात तपासा.

सूनबाईंनी विचारलं, पाणी दाट करायला विकतची पावडर कशाला, नाचणीचं सत्त्व घालू का? चांगला प्रश्न. पण सत्त्व हे पिष्ट. गरम असताना सैल, गार होताच गोळा. आणि लाळेतलं विकर पिष्ट फोडतं, म्हणून उष्टा चमचा बुडवलेली पेज काही वेळाने पाणी सोडते. वाटीभर नाचणी खायला म्हणून जरूर द्या, पण पाणी घट्ट करायला झँथन गमची पावडर जास्त भरवशाची. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ढवळून काही मिनिटं थांबायचं, लगेच आणखी घालायची नाही. आइस्क्रीम आणि जेली घट्ट दिसतात, पण तोंडात वितळून पाणीच होतात.

घन पदार्थांचं काम आपल्या स्वयंपाकघरात सोपं आहे. नानांना मऊ, बारीक, ओलसर असं जेवण हवं होतं, कण चार मिलिमीटरच्या आतले, म्हणजे काट्याच्या दोन दात्यांमधून जातील इतके. गुरगुट्या भात आणि घट्ट वरण एकत्र घोटायचं. चमचा तिरका केला की घास एकसंध सुटावा, चमच्याला चिकटून राहू नये. काट्याने दाबला तर सहज मोडावा आणि बाजूला पाणी सुटू नये. पोळी हवीच असेल तर घट्ट वरणात पूर्ण भिजवून कुस्करायची. मिक्सरला लावताना पाणी न घालता वरण किंवा तूप घालायचं, म्हणजे वजनही सांभाळलं जातं. भाजी आणि वरण वेगवेगळं वाटा. सगळं एकत्र फिरवलेला करडा लगदा कोणी आवडीने खात नाही, मीसुद्धा खाणार नाही.

आणि फोडणी! वरण उत्तम घोटलं आणि वर मोहरी, कढीपत्ता, मिरचीचे तुकडे ओतले की सगळी मेहनत वाया. फोडणीचं तूप गाळून घाला, वास राहतो. कडधान्यांची टरफलं, पालेभाजीचे देठ, टोमॅटोची साल काढा. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मी बंद करते, कारण ती चिकट आहे आणि त्यात दाणेही असतात. यावर घरोघरी माझं भांडण होतं.

भरवणाऱ्याने उभं राहू नये, नाहीतर खाणाऱ्याला वर बघावं लागतं. समोर बसा. पाठ ताठ, लहान चमचा, आधीचा घास गेल्याशिवाय पुढचा नको. वरून पाणी ओतून प्यायची सवय सोडवा. जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका आणि दात-कवळी रोज घासा, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. गोळ्या कुटायच्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, काही कुटायच्या नसतात.

घास खरोखर अडकला, माणूस बोलू शकत नाही, खोकूही शकत नाही, तर पाणी पाजू नका, केळं खायला देऊ नका, न दिसता बोट घालू नका. पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या दोन पात्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार धक्के द्या. नाही सुटला तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे पाच झटके द्या. आलटून पालटून करत राहा, दुसऱ्याला 108 लावायला सांगा. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब द्यायला सुरुवात.

नानांचं वजन तीन महिन्यांनी 54 झालं. चहा मात्र त्यांना दाट झालेला अजिबात आवडला नाही. सूनबाईंनी मग त्यात आलं आणि वेलची दुप्पट घालायला सुरुवात केली. आता दुपारी चारला कप रिकामा होतो, आणि त्यानंतर त्या त्यांच्याशी दोन वाक्यं बोलतात, आवाज ऐकायला.