शीर्षकापासून पुराव्यापर्यंत

सादरीकरण तपासायला बसलात की आधी रंग आणि अक्षरं विसरा. कोरा कागद घ्या. प्रत्येक स्लाइड नेमकं काय म्हणते, ते एका पूर्ण वाक्यात लिहा. ‘बाजारपेठ’ हे वाक्य नाही, ‘बाजारपेठ आकसते आहे’ हे वाक्य आहे. वाक्य सुचलंच नाही, तर त्या स्लाइडला दावाच नाही. मग दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’, ‘कारण’ किंवा ‘पण’ घालून वाचा. नुसतं ‘आणि’च बसत असेल, तर तिथला सांधा बहुधा निखळलेला आहे. हा झाला सादरीकरणाचा नकाशा. एकाच स्लाइडच्या आतही हेच करता येतं.

एक खरं उदाहरण घेऊ. 16 जानेवारी 2003 ला कोलंबिया यान झेपावलं, तेव्हा इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासासाठी स्लाइड्स केल्या. त्यातल्या एका स्लाइडच्या शीर्षकाचा आशय असा: यानाला उष्णतेपासून वाचवणारी टाइल किती भेदली जाईल याचा आपला अंदाज सावध आहे, असं चाचण्या सांगतात.

आता खालच्या ओळी कागदावर मांडा. पहिली म्हणते, चाचण्यांमध्ये प्रत्यक्षापेक्षा जास्त नुकसान आपल्या गणिताने वर्तवलं. इथे ‘कारण’ बसतं. पुढे येतं, टाइल एकदा भेदली की मोठं नुकसान होऊ शकतं. इथे ‘पण’ लागतो. स्लाइडवर ‘उलट’ अशा अर्थाचा शब्द आहेही, पण शीर्षकात त्याचा मागमूस नाही. अगदी तळाशी, आतल्या पायरीवर आकडा आहे: तुकडा जिथून सुटला तो फोमचा भाग 1920 घन इंचांचा, चाचणीतला तुकडा 3 घन इंचांचा. 640 पट! हा तर सगळ्यात मोठा ‘पण’. लहान तुकड्यांसाठी जुळलेलं गणित एवढ्या मोठ्या तुकड्यालाही लागू पडतं, हे सांगणारी ओळ कुठेच नाही. शीर्षक त्याच न लिहिलेल्या ओळीवर उभं आहे.

आणखी एक गोष्ट. शीर्षक टाइलबद्दल बोलतं, पण पंखाची पुढची कड टाइलची नव्हती, ती कार्बनच्या पॅनलची होती. भोक तिथेच पडलं होतं. 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले.

नकाशाची मर्यादाही सांगतो. 640 पटीने धोका किती वाढतो, हे तो सांगत नाही. ते अभियंत्यालाच विचारावं लागतं. पण नेमकं काय विचारायचं, ते नकाशामुळे कळतं.

दुरुस्ती शीर्षकापासून करा. तळाची ओळ वर नेली की ते असं होतं: ‘एवढ्या मोठ्या तुकड्याबद्दल आमच्याकडे चाचणीच नाही.’ याच्यापुढे ‘म्हणून’ घातलं की पुढची स्लाइड एकच उरते, ती म्हणजे पंखाचे फोटो मागवण्याची. अभियंत्यांनी ते मागितलेही होते. ते घेतले गेले नाहीत.