समासातले चार आकडे

(एका विज्ञान मंडळातल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराजांनी माझी ओळख करून देताना ‘निवृत्त’ हा शब्द तीनदा वापरला, तेव्हा माझ्याकडे वेळच वेळ आहे असा तुमचा समज झाला असेल. पण त्यांनी मला दिली आहेत पन्नास मिनिटं, आणि त्यातली सात हारतुऱ्यांत गेली. असो.

आजचा विषय अंतर्वेशन, म्हणजे इंटरपोलेशन: तक्त्यातल्या सगळ्या बिंदूंतून जाणारी बहुपदी घेऊन मधली किंमत काढणं. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते परीक्षेपुरतं केलंय, उरलेल्यांनी शिकवलंय. त्यामुळे लाग्रांजचं सूत्र फळ्यावर पुन्हा लिहीत नाही. (मुलं ‘लॅगरेंज’ म्हणतात. मीही वर्गात तसंच म्हणायचो. त्याला काही त्रास झाल्याचं ऐकिवात नाही. त्रास व्हायचाच तर एडवर्ड वेरिंगला व्हायला हवा. त्याने हे सूत्र १७७९ मध्ये दिलं, लाग्रांजने १७९५ मध्ये.)

माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे. ‘लाग्रांजच्या सूत्राचा तोटा असा की एक बिंदू वाढला की सगळं गणित पुन्हा करावं लागतं; म्हणून न्यूटनची पद्धत श्रेयस्कर.’ हे वाक्य मी विद्यार्थी असताना पाठ केलं आणि पुढे बावीस वर्षं वर्गात लिहून दिलं. दोन गुणांचा प्रश्न असायचा: ‘लाग्रांज पद्धतीचे तोटे लिहा.’ फायदे कधी कुणी विचारले नाहीत.

मग एक प्रसंग घडला. सहामाहीचे पेपर तपासत होतो. गणित साधं होतं: २, ३, ५ आणि ६ यांचे लॉग दिलेत, त्यावरून ४ आणि ४.५ चे लॉग काढा. असल्या उत्तराला एका बिंदूसाठी एक अख्खं पान लागतं. चार अपूर्णांक, प्रत्येकात वर तीन कंस, खाली तीन कंस, आणि कुठल्या तरी कंसात चिन्ह चुकणार हे ठरलेलं. पाचशे पेपर तपासलेला माणूस कंस न वाचता, चिन्ह कुठे घसरलं ते वासावरून सांगू शकतो.

एका मुलीचा पेपर आला. तिचं पहिलं उत्तर दहा ओळींत, दुसरं पाच. उजवीकडच्या समासात पेन्सिलीने चार आकडे एकाखाली एक होते: -१२, ६, -६, १२. पुढे कंसच नाहीत, नुसते भागाकार. उत्तरं बरोबर. मला संशय आला. बोलावलं तिला. ती म्हणाली, ‘सर, खालच्या कंसांत x येतच नाही. मग दरवेळी नव्याने कशाला गुणायचं? एकदाच काढून ठेवलं.’

मी काय म्हणालो? म्हणालो, ‘बाळ, परीक्षेत असं लिहू नकोस. पायऱ्यांचे गुण जातात.’ आणि चार गुण कापले. माझ्या हाताने, लाल पेनाने.

२००४ साली ‘सियाम रिव्ह्यू’ या गणिताच्या नियतकालिकात बेरू आणि ट्रेफेथन या दोघांचा लेख आला. मला तो मिळाला बऱ्याच उशिरा, एका मित्राने काढून दिलेल्या झेरॉक्सवर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की लाग्रांजचं सूत्र मुळीच टाकाऊ नाही, तुम्ही ते नीट मांडत नाही. दुसरं-तिसरं पान वाचताना कान गरम झाले. तिथे तो समास होता. त्याला नावही होतं: भार.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘विषयाकडे यावे.’ आलोच.

प्रत्येक बिंदूचा भार म्हणजे त्याच्यापासून बाकीच्या बिंदूंपर्यंतच्या फरकांचा गुणाकार करायचा आणि तो उलटा करायचा. तिच्या समासातले आकडे उलटे केले की -१/१२, १/६, -१/६, १/१२. आता वरच्या कंसांकडे पाहा. प्रत्येक पदात सगळे (x-२), (x-३), (x-५), (x-६) आहेत, फक्त स्वतःचा एक गळलेला. म्हणून चारही कंसांचा गुणाकार एकदाच बाहेर काढा आणि प्रत्येक पदाला त्याच्या गळलेल्या कंसाने भागा. हे झालं पहिलं रूप.

पुढची युक्ती मला फार आवडते. हेच सूत्र एका मूर्ख फलनाला लावा, ज्याची किंमत सगळीकडे १ आहे. उत्तर १ यायलाच हवं. आता मूळ समीकरणाला या समीकरणाने भागा. बाहेर काढलेला तो मोठा गुणाकार वरही आहे, खालीही आहे, गेला. उरतं ते दुसरं रूप:

```
p(x) = Σ [w_j/(x − x_j)]·f_j  ÷  Σ [w_j/(x − x_j)]
```

w_j म्हणजे भार, x_j म्हणजे बिंदू, f_j म्हणजे तिथली तक्त्यातली किंमत. भारित सरासरी, बस. म्हणून नाव बॅरिसेंट्रिक, भारकेंद्राचं. फरक इतकाच की इथे भार उणेही असतात. भाजीवाल्याने काट्यावर उणे वजनं ठेवली तर काय होईल, ते घरी गेल्यावर विचार करा.

सगळ्या भारांना एकाच आकड्याने गुणलं तरी वर-खाली कटतं. म्हणून बाराने गुणून भार लिहितो: -१, २, -२, १. x = ४ ला प्रत्येकाला (४ - बिंदू) ने भागा: -०.५, २, २, -०.५. बेरीज ३. याच चार आकड्यांनी लॉग गुणा: ०.३०१०, ०.४७७१, ०.६९९०, ०.७७८२. बेरीज १.८१२६. तीनने भागलं की ०.६०४२. खरा लॉग ०.६०२१. तिसऱ्या घाताच्या बहुपदीकडून आणखी काय हवं? ४.५ साठी भार तेच, पुन्हा चार भागाकार, उत्तर ०.६५४६, खरं ०.६५३२.

आणि भारांमध्ये लॉग कुठेच नाही. उद्या याच चार ठिकाणच्या तापमानांचा तक्ता आला तरी भार हेच. न्यूटनच्या विभाजित फरकांत तक्त्यातल्या किमती मिसळलेल्या असतात, त्यामुळे तक्ता बदलला की फरक पुन्हा काढायचे.

आता त्या कुप्रसिद्ध वाक्याकडे. समजा आधी २, ३, ५ एवढेच बिंदू होते. त्यांचे भार सहाने गुणून: २, -३, १. आता ६ आला. जुन्या प्रत्येक भाराला (जुना बिंदू - ६) ने भागायचं: २ भागिले -४, -३ भागिले -३, १ भागिले -१. आले -१/२, १, -१. सहाचा स्वतःचा भार? बिंदू दोन किंवा जास्त असले की सगळ्या भारांची बेरीज शून्य होते. पहिल्या तिघांची -१/२, म्हणून चौथा १/२. दुप्पट करा: -१, २, -२, १. मुलीच्या समासाशी जुळलं. तीन भागाकार आणि एक बेरीज. ‘सगळं गणित पुन्हा’ कुठाय?

खर्चाचा हिशेब: १०० बिंदूंचा तक्ता आणि १०,००० ठिकाणी किंमत हवी. मूळ मांडणीत प्रत्येक ठिकाणी सुमारे शंभर गुणिले शंभर क्रिया, म्हणजे एकूण दहा कोटींच्या घरात. इथे भारांसाठी दहा हजारांच्या घरात, तेही एकदाच. मग प्रत्येक ठिकाणी काही शेकडा. पन्नासेक लाखांत काम.

पाच मिनिटं? बरं. स्थैर्य, म्हणजे संगणकाच्या बारीक चुका उत्तरात फुगतात का, हे घाईत सांगतो, आणि खरं तर तेच सांगायला आलो होतो.

पहिली शंका सगळ्यांना येते: x बिंदूच्या अगदी जवळ गेला तर? ३.००१ ला भाग २ ÷ ०.००१, म्हणजे २०००. संगणकाने तिथे चूक करून २०२० धरलं तरी तोच आकडा अंशातही आहे आणि छेदातही, आणि बाकीची पदं त्याच्यापुढे चिल्लर. उत्तर ०.४७७१ च्या आसपासच राहतं. नेमका x = ३ आला तर मात्र शून्याने भागाकार, पडद्यावर `nan`. तेवढी एक अट आधी तपासा आणि तक्त्यातली किंमत सरळ परत द्या.

दुसरी गोष्ट जास्त फसवी. भार चुकीचे असले तरी हे रूप तक्त्यातल्या प्रत्येक बिंदूतून जातं! शून्य नसलेला कुठलाही आकडा भार म्हणून टाका, जातंच. म्हणजे ‘तक्त्याशी पडताळलं, बरोबर आलं’ याला इथे काही अर्थ नाही. f = १ ने पडताळणंही निरुपयोगी, ते नेहमीच १ देतं. मधल्या एखाद्या ठिकाणी f = x² लावून बघा. किंवा भारांना बिंदूंच्या वर्गांनी गुणून बेरीज करा: -४ + १८ - ५० + ३६. शून्य. एक चिन्ह चुकलं तरी शून्य येणार नाही.

तिसरं, बिंदू कुठे ठेवायचे. सारख्या अंतरावर २१ बिंदू घेतले तर भार द्विपद सहगुणक होतात: टोकाला १, मधोमध १,८४,७५६, चिन्हं आलटून पालटून. टोकांकडे बहुपदीच्या झोक्यांचा जो धिंगाणा रुंगेने १९०१ मध्ये दाखवला, तो इथेही तसाच. तो सूत्राचा दोष नाही, बिंदूंचा आहे. चेबिशेव्हचे बिंदू घ्या, cos(jπ/n). टोकांकडे दाटी, मध्ये विरळ. त्यांचे भार १९७२ मध्ये साल्झरने दाखवले: १, -१, १, -१, आणि दोन्ही टोकांना निम्मे. काढावेच लागत नाहीत! हायमने २००४ मध्येच सिद्ध केलं की असे चांगले बिंदू असतील तर दुसरं रूप भरवशाचं. पहिलं रूप तर बिंदू कसेही असोत, स्थिर. पायथनवाल्यांसाठी `scipy.interpolate.BarycentricInterpolator` तयारच आहे.

उठायच्या आधी मागच्या रांगेतून विचारलंय, ‘तक्त्याच्या बाहेर चालेल का?’ करून बघू. याच चार बिंदूंवरून १० चा लॉग. भार भागून येतात -०.१२५, ०.२८५७, -०.४, ०.२५. छेदाची बेरीज ०.०१०७. पाहिलंत? दशांशातले आकडे एकमेकांना खाऊन शतांश उरला, आणि तक्त्यातल्या चौथ्या घरातली चूक वर आली. बाहेरच जायचं असेल तर पहिलं रूप वापरा, तिथे ही भागाकाराची भानगड नाही. बहुपदी तीच असल्यामुळे उत्तर मात्र तेच येईल: १.२७. आणि दहाचा लॉग किती, हे चहावाल्यालाही माहीत आहे. तो दारात उभा आहे, चला.