जिंकलेल्या मॅच मोजून नंबर कसा लावणार?

तर मंडळी, आपल्याकडे कॅरमची रँकिंग कशी लावतात, तर ज्याच्या मॅच जास्त जिंकून झाल्या तो वर. आता धरा, पेडण्याचा एक जण नवशिक्या पोरांशी खेळून २० पैकी १८ जिंकला आणि फोंड्याचा दुसरा सगळ्या तगड्या लोकांशी बसून २० पैकी ११. वहीत पेडणेकर वर. पण खेळ बघणाऱ्या कुणालाही विचारा, तो हसेल.

बुद्धिबळवाल्यांनी यावर उपाय काढलाय. आर्पाड एलो नावाचे अमेरिकेतले फिजिक्सचे प्रोफेसर होते, त्यांची पद्धत तिथल्या फेडरेशनने १९६० ला घेतली, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० ला. प्रत्येकाला ताकद दाखवणारा एक आकडा द्यायचा, तेच रेटिंग. मॅचच्या आधीच त्यावरून कोण किती जिंकायला पाहिजे ते काढायचं, आणि मग निकाल त्यापेक्षा किती वेगळा लागला तेवढाच हिशेबात धरायचा, बस्स.

```
E = 1 / (1 + 10^((Rb - Ra)/400))
```

E म्हणजे एकाची जिंकायची अपेक्षा, Ra त्याचं रेटिंग, Rb समोरच्याचं. घाबरू नका, उदाहरण घेऊ. एक १७०० चा, दुसरा १५००. फरक २००, म्हणजे वरच्याची अपेक्षा ०.७६, खालच्याची ०.२४. जिंकला तर १, हरला तर ०. त्यातून अपेक्षा वजा करा आणि K या ठरवलेल्या आकड्याने गुणा, K आपण २० घेऊ. १७०० वाला जिंकला तर ०.२४ गुणिले २०, म्हणजे ४.८ पॉइंट मिळाले, दुसऱ्याचे तेवढेच गेले. पण हरला तर एका झटक्यात १५.२ गेले! आता तो चारपैकी तीन जिंकला तर? १४.४ मिळाले, १५.२ गेले, म्हणजे जवळपास होता तिथेच, कारण एवढं तर त्याने जिंकायलाच पाहिजे होतं. (२५-० काय आणि २५-२४ काय, इथे सारखंच, हे मला थोडं खटकतं.)

K मोठा ठेवला तर रेटिंग उड्या मारतं, लहान ठेवला तर हलतच नाही. म्हणून फिडे नव्या खेळाडूला पहिल्या ३० गेमपर्यंत ४० देते, नंतर साधारण २०, आणि एकदा २४०० गाठलं की १०.

खरी गोची वेगळीच आहे. पेडण्याचे लोक आपसातच खेळत राहिले, फोंड्याचे आपसातच, तर K सारखा असताना एकाचे पॉइंट दुसऱ्याकडे जातात एवढंच, एकूण बेरीज तीच. मग पेडण्याचा १६०० आणि फोंड्याचा १६०० यांची तुलना करायला काही आधारच नाही. हे कळतं ते एकत्र टुर्नामेंट झाली की, पेडणेकरांची अपेक्षा मिळून १० पैकी ६ ची असते आणि ते येतात ३ वर. एकदा झालं तर नशीब म्हणा, पण दर वेळी तसंच झालं तर त्यांचं रेटिंग फुगलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं, सगळ्यांना १५०० वर सुरू करा, निकाल तारखेच्या क्रमानेच टाका, आणि महिन्यातून एकदा तरी पेडणे-फोंडा मॅच लावा, नाहीतर दोन वेगळ्या याद्या लावलेल्या बऱ्या.