लहान आतड्यातला अडथळा: सीटीवर सीकमपासून उलटं चाला

पोटाचा सीटी उघडला की फुगलेले लूप आधी डोळ्यांत भरतात आणि आपण तिथूनच माग काढायला लागतो. फसतो तो इथेच. वेटोळी एकमेकांवर चढलेली असतात, चार स्लाइस पुढे गेलं की आपण नेमके कुठल्या लूपमध्ये आहोत हेच कळेनासं होतं. म्हणून सुरुवात सीकमपासून करायची.

हा स्कॅन बघा. पेशंटचं अपेंडिक्सचं जुनं ऑपरेशन झालेलं आहे. कॉन्ट्रास्ट फक्त शिरेतून दिलाय, तोंडावाटे नाही. आतड्यात साचलेला द्रवच इथे पुरेसा आहे.

आधी मोजून घेऊ. लूपच्या सरळ आडव्या छेदात, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. छेद तिरका घेतला तर आकडा उगाच वाढतो. इथे 3.8 सेंटीमीटर आलेत. 2.5 च्या वर आतडं फुगलेलं समजतात, काही जण 3 धरतात. पण आतडं फुगलं म्हणजे अडथळा आहेच, असं नाही. इलियसमध्येही ते फुगतं, फक्त तिथे बहुधा मोठं आतडंही सोबत फुगलेलं असतं आणि रुंदी अचानक कुठे बदलत नाही.

आता सीकम धरा. ही इलिओसीकल व्हॉल्व्ह, हे टर्मिनल इलियम: जेमतेम 1 सेंटीमीटर, रिकामं, चपटं. त्याचा हात न सोडता हळूहळू वर चला. कोरोनल प्रतिमा शेजारी उघडी ठेवा. चपटं, अजून चपटं… आणि इथे, ओटीपोटात उजवीकडे, चोचीसारखं टोक दिसतंय. त्याच्या लगेच वरच्या फुगलेल्या लूपमध्ये हवेचे बुडबुडे मिसळलेला, विष्ठेसारखा ऐवज आहे. हा ऐवज दिसला की ट्रान्झिशन पॉइंट बहुतेक वेळा जवळच असतो.

थांबा, हे नुसतं आतड्याचं आकुंचनही असू शकतं. त्या अरुंद भागाच्या दोन्ही बाजू बघा. दोन्हीकडे आतडं फुगलेलं असेल, तर ती बहुधा पेरिस्टाल्सिसची लाट. इथे तसं नाही; त्या जागेपासून सीकमपर्यंतचं सगळं इलियम रिकामं आहे.

त्या जागी गाठ नाही, हर्निया नाही, भिंत जाड नाही. जुनं ऑपरेशन आहे, म्हणजे अॅढीजनचा बंध असण्याची शक्यता सर्वाधिक. बंध स्वतः सहसा दिसत नाही, बाकीची कारणं वगळूनच त्याचं नाव घ्यावं लागतं.

एक पॉइंट सापडला की हात झटकू नका. शेजारीच दुसरा आहे का, ते शोधा. एकाच जागी दोन चोची, मधला लूप ‘सी’च्या आकाराचा आणि मेसेंटरीच्या रक्तवाहिन्या एका बिंदूकडे खेचलेल्या असतील, तर तो क्लोज्ड लूप. त्यात भिंत कॉन्ट्रास्ट कमी घेत असेल, तर रिपोर्ट टाइप करण्याआधी सर्जनला फोन करा. या पेशंटमध्ये पॉइंट एकच आहे आणि भिंत नीट उजळते आहे. रिपोर्टमध्ये हे दोन्ही लिहा, आणि पॉइंटची जागा फक्त ‘ओटीपोटात’ न लिहिता सीरिज आणि स्लाइस नंबरसकट द्या.